अंगणातल्या मातीबद्दल, सरपंचांना खुले पत्र

राज्यातल्या सर्व सरपंच ताई आणि सरपंच भाऊंना,



मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात माझी एकतीस वर्षं गेली. गावात मला कोणी नावाने हाक मारली नाही, थोरामोठ्यांपासून लेकरांपर्यंत सगळ्यांची मी सिस्टर. हे पत्र लहान मुलांच्या पोटातल्या जंतांबद्दल आहे, आणि ते डॉक्टरांऐवजी तुम्हाला का लिहिते आहे हे आधी सांगते. जंताची गोळी आमच्या खात्याची. जंत मात्र जिथून येतो ती माती, तो उकिरडा, शाळेचं संडास आणि शाळेचा नळ हे सगळं ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं. गोळी वाटणारे आम्ही वर्षातून दोनदा गावात येतो. उरलेले दिवस गाव तुमच्याकडे असतं.

एका वर्षीची गोष्ट. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. एक आई लोणच्याची रिकामी बरणी पदराखाली झाकून उपकेंद्रात आली. बरणीत पाणी होतं आणि पाण्यात एक जंत होता. चांगला वीतभर लांब, फिकट गुलाबी, दोन्हीकडे निमुळता, गांडुळासारखा. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला सकाळी शौचातून पडला होता. बाई रागावलेली होती. म्हणाली, "सिस्टर, फेब्रुवारीत तुमच्या हातची गोळी खाल्ली ह्यानं. माझ्यासमोर चावून खाल्ली. मग हे कुठून आलं? गोळी खोटी होती का?"

गोळी खोटी नव्हती. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिला दिवस मोजून दाखवले, तेच इथे मोजते.

गोळी 10 फेब्रुवारीला दिली. जंत पडला 19 जूनला. मधे चार महिन्यांहून थोडा जास्त काळ गेला. आता या जंताचा जन्म कसा होतो ते पाहा. मातीतलं अंडं तोंडावाटे पोटात जातं. डोळ्यांना ते दिसत नाही. लहान आतड्यात ते फुटतं, त्यातली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात पोचते, तिथे दहा-चौदा दिवस वाढते, मग श्वासनलिकेतून वर घशात चढते आणि मूल ती थुंकीबरोबर पुन्हा गिळतं. दुसऱ्यांदा आतड्यात आल्यावर तिचा मोठा जंत होतो. अंडं गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे 19 जूनला पडलेला वीतभर जंत फार तर मार्च-एप्रिलमध्ये पोटात गेलेला असणार. किंवा 10 फेब्रुवारीला तो अळीच्या रूपात फुप्फुसात असेल. आपली एक गोळी आतड्यात बसलेल्या जंतांसाठी असते, फुप्फुसातून चाललेली अळी तिच्या हाती सहसा लागत नाही. गोळी शरीरात साठून राहत नाही आणि लशीसारखं संरक्षणही देत नाही. त्या दिवशी आतड्यात जे आहे ते साफ करून ती निघून जाते.

मग मी त्या बाईबरोबर तिच्या घरी गेले. घरात शौचालय होतं आणि मोठी माणसं ते वापरतही होती. पाणी बोअरचं, झाकलेलं. मागच्या अंगणात शेवग्याचं झाड, झाडाखाली उकिरडा, आणि उकिरड्याशेजारच्या ओलसर सावलीत हा मुलगा रोज गोट्या खेळायचा. धाकटी बहीण दीड वर्षाची. तिची शी आई फडक्याने उचलून शेवग्याखाली टाकायची, फडकं तिथेच विसळायची. मी विचारलं तर म्हणाली, "लेकराच्या शीला काय विटाळ, सिस्टर?" ही मुलगी फेब्रुवारीत तापाने फणफणली होती म्हणून मी तिला गोळी दिली नव्हती. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी द्यायची नसते, हे बरोबरच. पण आठवड्याने राहिलेल्या मुलांची फेरी असते, त्या फेरीत मी तिच्या घरी गेले नाही. ती राहून गेली. तिच्या शौचाची तपासणी करून घेतली तेव्हा त्यात या जंताची अंडी निघाली. भावाच्या पोटात जंत येण्याची वाट अशी त्या शेवग्याखालून जात होती.

या जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ताज्या शौचातलं अंडं लगेच बाधत नाही. त्याला मातीत दोन ते चार आठवडे पिकावं लागतं, आणि त्यासाठी ओल, सावली आणि ऊब लागते. शेवग्याखाली तिन्ही गोष्टी होत्या. एकदा पिकलेलं अंडं ओल्या मातीत महिनोन् महिने, कधी काही वर्षंसुद्धा जिवंत राहतं. त्याचं कवच चिकट असतं. ते गोटीला चिकटतं, नखात शिरतं, मेथीच्या जुडीच्या मुळांपाशी बसतं.

आता मी जे सांगते आहे ते मला स्वतःला कळायला नोकरीची पहिली कित्येक वर्षं गेली. हा जंत पोटात कितीही अंडी घालो, ती अंडी पोटात फुटत नाहीत. सगळी बाहेर पडतात. म्हणजे मुलाच्या पोटातले जंत वाढून वाढून दहाचे वीस होत नाहीत. पोटात वीस जंत असतील तर त्या मुलाने वीस पिकलेली अंडी बाहेरून गिळलेली आहेत. जंतांची संख्या म्हणजे त्या मुलाच्या तोंडात गावाची किती घाण गेली त्याचा हिशेब. म्हणूनच नुसत्या गोळीने गाव सुटत नाही. जगभरातल्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करून संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं की गोळी दिल्यानंतर सहा महिन्यांत या गोल जंताचं प्रमाण आधीच्या सुमारे दोन तृतीयांशावर परत येतं आणि वर्षभरात जवळजवळ होतं तिथेच पोचतं. आपण दर सहा महिन्यांनी गोळी देतो ती यासाठी. माती तशीच राहिली तर प्रत्येक फेरीत आपण तेच पोट पुन्हा पुन्हा साफ करत बसतो.

कोणत्या मुलाला जंत आहेत हे कसं ओळखायचं, असं आया नेहमी विचारतात. थोडे जंत असले तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, मूल खातं-पितं, खेळतं. म्हणूनच तपासणीची वाट न बघता सरसकट सगळ्यांना गोळी देतात. जंत वाढले की बेंबीभोवती अधूनमधून दुखणं, पोट फुगलेलं, भूक मंदावणं, मळमळ, वजन अडणं, कधी शौचातून किंवा उलटीतून जंत पडणं. अळ्या फुप्फुसात असताना काही मुलांना कोरडा खोकला आणि दम लागतो, आणि घरचे त्याला सर्दी समजतात. चाबकासारखा एक जंत मोठ्या आतड्यात राहतो, तो फार झाला तर आव पडते, रक्त पडतं, कधी शौचाच्या वेळी गुदद्वार बाहेर येतं. या चाबूक जंताला आपली एक गोळी कमी पडते, म्हणून गोळी खाऊनही अशी लक्षणं चालूच असतील तर डॉक्टरांकडे पाठवायला हवं. आणि ज्या मुलाचं पोट टणक फुगलं आहे, हिरवी उलटी होते आहे, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, त्याला घरी गोळी देऊ नये. जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. गाडी काढायची आणि थेट रुग्णालय गाठायचं.

काही समजुती मात्र सोडून द्यायला हव्यात. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. गुळात, साखरेत जंताचं अंडं नसतं, गूळ धरणाऱ्या बोटांवर असू शकतं. झोपेत दात खाणं ही जंताची खूण मानतात, त्याला भरवशाचा आधार नाही. गालावरचे पांढरे चट्टे हे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. या खुणांवरून कित्येक आया दर महिन्याला दुकानातून गोळी आणून देतात आणि मुलाचा खरा आजार मागे राहतो. वावडिंगाचं पाणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बाळांना देतात. त्याबद्दल मी कुणाशी भांडत नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी टाळू देत नाही.

आकड्यासारखा आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत, ज्याला आमच्या भाषेत हुकवर्म म्हणतात, त्याची वाट वेगळी आहे. त्याची अंडी ओल्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात, आठवड्याभरात अळी तयार होते आणि ती अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. शिरल्या जागी खाज येते, पावसाळ्यात लोक तिला चिखल्या समजतात. पुढे ती रक्तातून, फुप्फुसातून आतड्यात पोचते. एक जंत दिवसाला अगदी थेंबाच्या अंशाएवढं रक्त पितो, पण असे शंभर जंत असतील तर त्यातल्या कमी रक्त पिणाऱ्या जातीचेसुद्धा मिळून रोज तीन मिलिलिटर रक्त खातात. तीन मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा कमी. पण त्या रक्तात जवळपास एक मिलिग्रॅम लोह असतं, आणि मुलाच्या अंगी रोजच्या जेवणातून लागणारं लोह साधारण तेवढंच असतं. घरात भाजी-भाकरी नीट मिळते, शाळेत लोहाची गोळीही मिळते, तरी मुलगी पांढरीफटक, पायऱ्या चढताना धापा टाकणारी, माती आणि खडू खाणारी, अशी आपण बघतो. तिच्या पायात चप्पल आहे का आणि ती शौचाला कुठे जाते, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

आता गोळीबद्दल. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून सुरू झाला. ठरलेला दिवस 10 फेब्रुवारी, दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. तारीख कधी कधी मागेपुढे होते, ती उपकेंद्रातून विचारून घ्यावी. गोळीचं नाव अल्बेंडाझोल, ताकद 400 मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, दोन वर्षांपुढे एकोणीस वर्षांपर्यंत एक पूर्ण गोळी. तीन वर्षांखालच्या मुलांना ती दोन चमच्यांमध्ये चुरून, पाण्यात कालवूनच द्यायची. मोठ्यांनी चावून खायची, वरून पाणी प्यायचं. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून गोळी कधी कोंबू नये. ती श्वासनलिकेत अडकली तर जीव जाऊ शकतो, ही गोळीची एकमेव गोष्ट आहे जिची मला खरी भीती वाटत आली. ज्या मुलाला फिट येतात त्याच्या आईने आधी डॉक्टरांना विचारावं. गोळीनंतर थोडं पोटात दुखलं, मळमळलं, एखादी उलटी झाली तर ते बहुधा ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांना होतं. सावलीत झोपवायचं, पाणी द्यायचं, तासा-दोन तासांत मूल बरं होतं. दर वर्षी कुठल्या तरी गावात एक मूल ओकतं, मोबाईलवर बातमी फिरते आणि शेजारच्या चार गावांतले पालक शाळेतून मुलं घेऊन जातात. त्या दिवशी सरपंचांनी शाळेच्या पटांगणात उभं राहून आपल्या स्वतःच्या नातवाला, पुतणीला गोळी दिली, तर आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण मला तुमच्याकडे जी मोठी गोष्ट मागायची आहे ती पटावर नसलेल्या मुलांची.

फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. आमच्या उपकेंद्राच्या गावांतून दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या त्या मार्चअखेर किंवा त्याहून उशिरा परतायच्या. मुकादमाची उचल घेतलेली असायची, नवरा-बायको दोघं कोयता, सोबत धाकटी लेकरं. म्हातारी माणसं आणि शाळेतली काही मुलं गावी राहायची. 10 फेब्रुवारीला मी यादी घेऊन बसायचे तेव्हा टोळीबरोबर गेलेल्या मुलांच्या नावांपुढे "स्थलांतरित" एवढंच लिहिलं जायचं. तिकडे ज्या गावच्या शिवारात फड पडला आहे तिथली अंगणवाडी आपल्या पटावरची मुलं मोजायची. म्हणजे ही मुलं दोन्ही गावांच्या यादीतून बाहेर. एकदा एका नातेवाइकांच्या गावी मी कारखान्याजवळच्या कोप्यांवर गेले होते. उसाच्या पाचटाच्या कोप्या, समोर चूल, मागे कालव्याचा बांध. पाणी कालव्याचं, शौचाला बांधाकडेला. दोन-तीन वर्षांची मुलं कोप्यांमधल्या ओल्या मातीत दिवसभर बसलेली, पायात काही नाही, आई पहाटेच फडात गेलेली. गोल जंताला आणि आकड्याच्या जंताला हवी असते तशीच ती माती. वर्षातले पाच महिने ही मुलं अशा मातीत आणि गोळीपासून दूर. मग पावसाळ्याआधी घरी येतात आणि पोटात भरून आणलेले जंत गावच्या मातीत सोडतात.

यावर उपाय अवघड नाही. गोळी घेण्यासाठी मुलाचं नाव पटावर असावं लागत नाही. शाळेत न जाणाऱ्या मुलांना अंगणवाडीत गोळी देण्याची तरतूद या कार्यक्रमात सुरुवातीपासून आहे, आणि राहिलेल्यांसाठी नंतरचा दिवसही आहे. अडतं ते एवढंच की गोळ्यांची मागणी पटावरून होते आणि कोप्यांवर कोणी जात नाही. ज्या सरपंचांच्या शिवारात टोळ्या उतरतात त्यांनी जानेवारीत मुकादमाकडून मुलांची संख्या घ्यावी आणि आशाताईला सांगून तेवढ्या गोळ्या जास्तीच्या मागवाव्यात. 26 जानेवारीची ग्रामसभा यासाठी नेमकी वेळेवर येते. वाटप दिवसा केलं तर कोपीवर आई सापडत नाही आणि अनोळखी बाईच्या हातून मूल काही खात नाही. संध्याकाळी टोळी परतते तेव्हा जावं, आईच्या हाताने चुरून द्यावं. आणि ज्या सरपंचांच्या गावातून टोळ्या जातात त्यांनी मुलं परतल्यावर ती यादी उपकेंद्राला द्यावी, म्हणजे ऑगस्टची वाट न पाहता त्यांची सोय लावता येईल. वीटभट्ट्यांवरच्या मुलांचंही असंच.

आता मातीकडे येते. हागणदारीमुक्तीचा फलक बहुतेक गावांच्या वेशीवर लागला आहे, शौचालयं आहेत, पण बाळांची शी आजही उकिरड्यावर किंवा गटारात जाते. ती शौचालयातच पडली पाहिजे. फडक्याने उचलली असेल तर फडकं शौचालयात विसळायचं आणि त्यानंतर आईने साबणाने हात धुवायचे. बचतगटाच्या बैठकीत हे दोन मिनिटांत सांगून होतं. शेवग्याखालच्या त्या घरात मी एवढंच बदलायला लावलं, घरातल्या सगळ्या मुलांना गोळी दिली आणि मुलाला गोट्या खेळायला समोरच्या उन्हातल्या कोरड्या ओट्यासमोर जागा करून दिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती बाई बरणी घेऊन आली नाही.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की नळी दुसऱ्याकडे वळवून पहिला बंद ठेवायचा असतो. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहू द्यावा, मगच उपसावा. त्याआधी उपसलं तर खत दिसायला काळंभोर आणि वास नसलेलं असतं, तरी त्यात जिवंत अंडी असतात. सेप्टिक टँकचा गाळ तर याहून वाईट. उपसणारा टँकर गाळ कुठे नेऊन ओततो हे कधी विचारलं आहे का? आमच्याकडे तो ओढ्यात किंवा कुणाच्या तरी कोथिंबिरीच्या वाफ्यात जायचा. ती कोथिंबीर तालुक्याच्या बाजारात जायची आणि तिथून शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलांच्या पोटात. टँकरवाल्याला गावात येऊ देताना गाळ कुठे टाकणार हे लिहून घेणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

तुम्ही विहिरीत टीसीएल टाकता, फार चांगलं करता, त्याने जुलाब आणि पटकी थांबते. पण जंताच्या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरत नाही. हातावर चोळायच्या सॅनिटायझरनेही मरत नाही. उकळत्या पाण्यात मरतं, शिजवलेल्या भाजीत मरतं. कच्ची कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली, की बरीच अंडी वाहून जातात. हातावरची अंडीही मारायची नसतात, घालवायची असतात, म्हणून साबण आणि वाहतं पाणी. घंगाळात सगळ्यांनी बोटं बुचकळली तर अंडी एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जातात.

शाळांमध्ये हात धुण्याचे ओटे झाले आहेत, पाच-पाच तोट्यांचे, वर छान चित्रं काढलेली. तिथे साबण मात्र क्वचित दिसतो. मी मुख्याध्यापकांना विचारायचे तर ते म्हणायचे, सिस्टर, वडी ठेवली की दुपारपर्यंत कावळा नेतो. खरंच नेतात, मी पाहिलं आहे. त्यावर एक स्वस्त तोड आहे. दीड लिटर पाण्याच्या बाटलीत तीस ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवायची, झाकणाला बारीक भोक पाडायचं आणि बाटली तोटीजवळ दोरीने उलटी टांगायची. दाबली की साबणाचं पाणी येतं. कावळा ती नेत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी आणि संडासातून आल्यावर एवढं झालं आणि दर शनिवारी वर्गात नखं पाहिली तर मुलाच्या तोंडापर्यंत जाणारी वाट बरीच अडते. पावडरीचा खर्च ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून बसतो, आणि पाणी-स्वच्छतेसाठी वित्त आयोगाचा जो बंधित निधी येतो त्यातून तोट्यांची दुरुस्ती बसते.

शेवटी एक वेगळा जंत, कारण याच्यासाठी आया सगळ्यात जास्त हैराण होतात आणि गोळी दिनाला दोष देतात. बोटाच्या नखाएवढे, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक जंत, रात्री मूल झोपलं की गुदद्वाराशी येतात. मूल खाजवतं, कुरकुरतं, झोपत नाही. मुलींना पुढेही खाज येते. याला माती लागत नाही. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर दहा हजारांच्या आसपास अंडी घालते, ती चार ते सहा तासांत पिकतात, खाजवलेल्या नखांतून पुन्हा तोंडात जातात आणि चादरीवर दोन-तीन आठवडे टिकतात. शौचाच्या तपासणीत ती बहुधा सापडत नाहीत. सकाळी अंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून उचलायची आणि काचपट्टीवर लावून तपासायला द्यायची, तेव्हा दिसतात. इथे एकट्या मुलाला एक गोळी देऊन भागत नाही. औषध अंड्यांना पुरत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, आणि डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. गरोदर बाईने विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या दोन आठवड्यांत मुलाला रोज सकाळी अंघोळ, रात्रीची चड्डी रोज बदलून गरम पाण्यात, चादरी न झटकता उचलून धुवायला, नखं बारीक कापलेली. वसतिगृह आणि आश्रमशाळांमध्ये एका मुलाला झालं तर शेजारच्या गाद्यांवरच्या मुलांकडेही पाहायला हवं. हा जंत श्रीमंत घरांतही तितकाच होतो, त्यामुळे कुणा आईने लाजून लपवू नये.

निवृत्त झाल्यापासून मी माझ्या माहेरच्या गावी असते. इथून साखर कारखाना चार कोसांवर आहे आणि या वर्षीही शिवारात टोळ्या उतरल्या आहेत. आमच्या सरपंच ताईंना मी मुकादमाकडून घेतलेला आकडा दिला आहे, पाच वर्षांखालची एकोणीस आणि त्याहून मोठी चौदा. आशाताईने तेहेतीस गोळ्या जास्तीच्या मागितल्या आहेत. 10 तारखेला संध्याकाळी पाचला आशाताई आणि मी कोप्यांवर जाणार आहोत, सोबत चुरायला चमचे आणि एक कळशी उकळून गार केलेलं पाणी. तुमच्या शिवारातला आकडा तेवढा मुकादमाला विचारून ठेवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका